831 ने सुरू झालेला नंबर: मोबाईल की लँडलाईन? बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावजवळच्या एका गावातल्या वाचनालयाची सभासद यादी गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. वार्षिक सभा, दिवाळी अंक आले, वर्गणी संपत आली, असे निरोप मोबाईलवर पाठवायचं काम त्यातच आलं. आता खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मंडळं आणि पतसंस्थासुद्धा अधूनमधून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. उदाहरणांत नंबरांचे शेवटचे आकडे × लावून झाकले आहेत. कुणाचाही पूर्ण नंबर इथे नाही.

नुसता नंबर बघून मोबाईल की लँडलाईन हे ओळखता येतं का?

येतं, आणि बहुतेक वेळा खात्रीने येतं. देश कोड आणि पुढचं शून्य काढलं की भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी असतो आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो. लँडलाईनचा नंबरही शून्य सोडून दहाच आकडी भरतो, पण त्याचे दोन तुकडे असतात. आधी गावाचा एसटीडी कोड आणि मग घरचा नंबर. कोड लांब असेल तर घरचा नंबर आखूड असतो. बेंगळुरूचा कोड 080, म्हणून तिथे घरचा नंबर आठ आकडी. बेळगावचा 0831, म्हणून आपल्याकडे सात आकडी. खानापूरचा 08336, म्हणून तिथे सहा आकडी. बेरीज सगळीकडे दहाच.

9 ने सुरू होणाऱ्या दहा आकडी नंबराबद्दल विचार करायची गरज नाही. देशात 09 ने सुरू होणारा एकही एसटीडी कोड नाही, त्यामुळे तो मोबाईलच. 2 ने सुरू होत असेल तर तो मोबाईल असूच शकत नाही. अडचण येते ती 6, 7 आणि 8 ला, आणि आपण नेमके 8 मध्ये राहतो.

मग आपल्याच भागात घोटाळा का होतो? कोल्हापूरच्या मंडळींना तर काही अडचण येत नाही.

कोल्हापूरचा कोड 0231. शून्य काढलं तरी नंबर 231 ने सुरू होतो. 2 ने सुरू होणारा मोबाईल नसतो, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर किंवा वही चाळणारा माणूस तो बाजूला काढतो. गडहिंग्लज 02327, सांगली 0233, पुणे 020, सगळीकडे हीच सोय आहे.

कर्नाटकातले कोड मात्र 08 ने सुरू होतात. बेळगावच्या 0831 मधलं शून्य गेलं की उरतं 831, आणि त्यापुढे घरचे सात आकडे. म्हणजे 83124××××× असा दहा आकडी नंबर तयार होतो आणि तो हुबेहूब मोबाईलसारखा दिसतो. आकडे दहा आहेत, सुरुवात 8 ने आहे, मग हरकत कोण घेणार? निरोप पाठवायच्या बहुतेक सेवांमध्ये तपासणी एवढीच असते: दहा आकडे आहेत का, आणि पहिला आकडा 6 ते 9 मधला आहे का. कोल्हापूरची लँडलाईन त्या चाळणीत अडकते आणि बेळगावची आरपार निघून जाते.

गोव्याचंही असंच आहे. तिथला कोड 0832, त्यामुळे म्हापसा-पणजीच्या नातेवाइकांचा घरचा नंबर शून्याशिवाय लिहिला की 8322×××××× होतो. हुबळी-धारवाडचा 0836 असल्यामुळे तिथेही तीच गोष्ट.

माझ्या पुतण्याचा नवा मोबाईल नंबर 8310 ने सुरू होतो. तो बेळगावच्या कोडचा आहे म्हणून लँडलाईन समजायचा का?

नाही. हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

831 दिसलं की तिथेच निकाल लावू नका. त्याच्या पुढचा, म्हणजे चौथा आकडा बघा. आपल्याकडे घरचा लँडलाईन नंबर 2 ते 6 यांपैकीच एखाद्या आकड्याने सुरू होतो. सरकारी कंपनीचे जुने फोन 2 ने सुरू होतात आणि खासगी कंपन्यांना त्यापुढचे आकडे मिळाले. घरचा नंबर 0, 7, 8 किंवा 9 ने सुरू होत नाही. कोडनंतरच्या ज्या जागा लँडलाईनने वापरलेल्या नव्हत्या, त्याच पुढे मोबाईलसाठी दिल्या गेल्या. त्यामुळे एकाच 831 खाली दोन्ही प्रकारचे नंबर राहतात, पण एकमेकांच्या जागेत शिरत नाहीत.

8312 ते 8316 पैकी काही असेल तर लँडलाईन समजा. 8310, 8317, 8318, 8319 असेल तर मोबाईल. तुमच्या पुतण्याचा 8310 हा मोबाईलच आहे, त्याला बिनधास्त निरोप पाठवा. आणि त्यातल्या 831 चा बेळगाव शहराशी काही संबंध नाही. 8318 आणि 8319 चे मोबाईल उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातही सापडतात.

कुणी समोर बसून नंबर सांगत असेल तर मी चौथा आकडा वहीत गोल करून घेतो. पेन्सिलीचा एक गोल, पण निकाल तिथेच लागतो.

खानापूर, निपाणी, गोकाककडे चौथाच आकडा बघायचा का?

तिथे पाचवा. तालुक्यांचे कोड शून्य सोडून चार आकडी आहेत: खानापूर 8336, चिकोडी आणि निपाणी 8338, गोकाक 8332, हुक्केरी 8333, अथणी 8289, बैलहोंगल 8288. घरचा नंबर पाचव्या आकड्यापासून सुरू होतो, म्हणून 2 ते 6 ची परीक्षा तिथे घ्यायची. 83362××××× म्हणजे खानापूर तालुक्यातला घरचा फोन. 83369××××× मात्र मोबाईल, आणि तो कुठल्याही राज्यातला असू शकतो.

म्हणून आधी कोड किती आकड्यांचा ते ठरवा आणि मग पुढचा आकडा तपासा. हा क्रम उलटा केला की चूक होते. खानापूरच्या 83362××××× ला चुकून बेळगावसारखा चौथा आकडा तपासला, तर तिथे 6 सापडतो आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं. पण चिकोडीच्या 83382××××× ला चौथा आकडा 8 आहे. तो बघून कुणी मोबाईल ठरवला, तर घरातला फोन मोबाईल म्हणून यादीत बसतो.

नंबरापुढे शून्य लिहिलेलं असेल तर ती लँडलाईन, हे खरं ना?

आता खरं नाही. पूर्वीही पूर्ण खरं नव्हतं, कारण दुसऱ्या राज्यातल्या मोबाईलला फोन लावताना आपण पुढे शून्य लावत होतो आणि वहीतही तसंच उतरवत होतो. आपल्या भागात तर हे रोजचं होतं. कोल्हापूरच्या जावयाचा महाराष्ट्रातला मोबाईल बेळगावातल्या वहीत 09422×××××× असा सापडतो.

त्यात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून कुठल्याही मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. ज्या घरात अजून लँडलाईन आहे, तिथे फोनशेजारच्या वहीत मुलाबाळांचे मोबाईल शून्यासकट लिहिलेले असतात. तेव्हा शून्यावरून काही ठरवू नका. शून्य झाका आणि उरलेल्या दहा आकड्यांकडे बघा. +91 किंवा नुसतं 91 असेल तर तेही झाका.

आडवी रेघ मात्र उपयोगी पडते. 0831-24××××× अशी कोडनंतर रेघ ओढायची सवय लँडलाईनच्या काळातली आहे. मोबाईल लिहिताना कुणी तिथे रेघ ओढत नाही, बहुतेक जण पाच-पाचचे दोन गट करतात. रेघ म्हणजे पुरावा नव्हे, पण जुन्या वह्यांत ती मला क्वचितच फसवते.

आमच्या वहीत सगळं नीट शून्यासकट लिहिलं होतं. संगणकावर यादी केली आणि शून्यं गेली कुठे?

एक्सेलने खाल्ली. आपण 08312×××××× टाइप केलं की एक्सेल त्याला संख्या समजतं, आणि संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, म्हणून ते काढून टाकतं. एंटर दाबल्याच्या क्षणी शून्य जातं आणि काही इशाराही मिळत नाही. रेघ असती तर एक्सेलने त्याला मजकूर समजून तसंच ठेवलं असतं. पण टाइप करणारा मुलगा हुशारीने रेघा काढून टाकतो, "नंबर स्वच्छ दिसतात" म्हणून. तिथेच लँडलाईनचा मोबाईल होतो.

टाइप करायच्या आधी तो पूर्ण स्तंभ निवडा आणि त्याचा प्रकार `Text` करा. आधी म्हणजे खरंच आधी. नंबर भरून झाल्यावर प्रकार बदलला तर गेलेलं शून्य परत येत नाही. एकदोन नंबरच असतील तर आधी एक अवतरण चिन्ह द्यायचं, `'08312` असं, की तोही मजकूर होतो. आणि 91 सकट बारा आकडे टाकले तर कोशात `9.18E+11` असं काहीतरी दिसतं. घाबरू नका, आत नंबर शाबूत असतो. स्तंभ रुंद करून प्रकार `Number` केला आणि दशांश शून्य ठेवले की तो पुन्हा दिसतो.

शून्यं आधीच गेली असतील तर सरसकट सगळ्या नंबरांना शून्य लावू नका. त्याने काहीच कळत नाही, फक्त यादी सारखी दिसायला लागते. चौथा-पाचवा आकडा तपासणं हाच रस्ता.

वह्या मराठी आकड्यांत आहेत, काही कानडी आकड्यांत. वाचताना चुका होतात.

होणारच, कारण आपल्याकडे तीन लिप्यांचे आकडे एकाच पानावर असतात. आजोबांनी मराठीत लिहिलेलं, मुलाने इंग्रजीत दुरुस्त केलेलं, आणि ग्रामपंचायतीतून उतरवून आणलेला नंबर कानडीत.

सर्वात धोकादायक जोडी मराठी ४ आणि इंग्रजी 8. घाईत लिहिलेला ४ वरून थोडा मिटला की 8 च दिसतो. बेळगावच्या लँडलाईनमध्ये कोडनंतर 24 खूप वेळा येतं, ते चुकून 28 वाचलं जातं. याचा उलगडा असा: दहा आकडी मोबाईल कधीच 4 ने सुरू होत नाही. म्हणून दहा आकडी नंबराचा पहिला आकडा ४ सारखा दिसत असेल तर तो इंग्रजी 8 आहे असं समजा, आणि मग त्याच हातातले बाकीचे तसे आकडेही 8 समजून वाचा. त्या माणसाने त्या ओळीत कुठली लिपी वापरली हे पहिल्या आकड्यावरून कळतं.

मराठी १ आणि ९ चं भांडण जुनं आहे. शेपटी कुठल्या बाजूला वळली ते भिंगाने बघावं लागतं. कानडीत ೬ आणि ೯ यांचा असाच गोंधळ, म्हणजे सहा आणि नऊ. हा गोंधळ पाचव्या आकड्यात झाला तर निकालच फिरतो, कारण खानापूरच्या कोडनंतर 6 असेल तर लँडलाईन आणि 9 असेल तर मोबाईल. अशा ठिकाणी मी अंदाज करत नाही, कानडी वाचणाऱ्या अक्कांना वही दाखवतो.

संगणकावर मराठी किंवा कानडी आकडे टाइप केले असतील तर ते आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या. पुढे दिलेलं सूत्र इंग्रजी आकडेच ओळखतं.

जुन्या वहीत बेळगावचे सहा आकडी नंबर आहेत. ते काय समजायचे?

सहा किंवा सात आकडी, कोडशिवाय लिहिलेला नंबर मोबाईल असूच शकत नाही. सात आकडी असेल आणि 2 ने सुरू होत असेल तर बेळगावची लँडलाईन. सहा आकडी असेल तर दोन शक्यता: तालुक्याची आजची लँडलाईन, किंवा बेळगावचा जुना नंबर. २००२-०३ च्या सुमारास सरकारी लँडलाईनच्या नंबरांना पुढे 2 जोडला गेला. तेव्हा टिळकवाडी-शहापूरकडचे सहा आकडी नंबर सात आकडी झाले. म्हणून त्या काळाआधीच्या वहीतला 42×××× हा आज 242×××× असेल, अर्थात फोन अजून चालू असला तर. निरोप पाठवायच्या यादीत मात्र यातला एकही घेऊ नका.

एकाच ओळीत 0831-24×××12/13 असं लिहिलेलं आढळतं. त्याचा अर्थ त्या घरी किंवा दुकानात लागोपाठच्या दोन लाईन आहेत, एवढाच.

लँडलाईनला निरोप पाठवला तर नेमकं काय होतं? परत येतो का?

आपल्याकडे लँडलाईनवर लिखित निरोप पोहोचत नाही. पण पोहोचला नाही हे तुम्हाला कळेलच असं नाही, आणि खरी फसगत तिथे आहे. स्वतःच्या मोबाईलवरून पाठवलात तर कधी लगेच नापास होतो, तर कधी गेल्यासारखा दिसतो आणि पोच येत नाही. एकगठ्ठा पाठवणाऱ्या सेवेत तर `Submitted` असा शेरा दिसतो. त्याचा अर्थ तुमचा निरोप कंपनीने घेतला, इतकाच. समोरच्याला मिळाला याचा शेरा `Delivered` असा वेगळा असतो.

आमचंच सांगतो. एका वार्षिक सभेचा निरोप मी पूर्ण यादीला पाठवला आणि सगळ्यांपुढे `Submitted` बघून निश्चिंत झालो. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक निवृत्त गुरुजी वाचनालयाच्या पायरीवर उभे. तीस वर्षांचे सभासद, एकही सभा न चुकवलेले. म्हणाले, "मला यायला नको होतं का? तसं असेल तर सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादीत त्यांच्या नावापुढे 8312 ने सुरू होणारा नंबर होता. त्यांच्या घरचा, दिवाणखान्यातल्या कोपऱ्यातला फोन. मोबाईल त्यांच्याकडे नव्हताच. त्या दिवशी दुपारी मी पूर्ण यादी पहिल्यापासून वाचायला बसलो, आणि ही सगळी तपासणी तेव्हापासून सुरू झाली.

पैशाचं म्हणाल तर मराठीतला निरोप इंग्रजीपेक्षा महाग पडतो. इंग्रजी अक्षरांत एका निरोपात १६० अक्षरं मावतात, मराठीत फक्त ७०. त्याहून लांब झाला की ६७-६७ चे तुकडे होतात. दीडशे अक्षरांचं मराठी निमंत्रण म्हणजे तीन निरोपांचे पैसे. अनेक सेवा निरोप पोचला नाही तरी पैसे कापतात, म्हणून न पोहोचणाऱ्या नंबराला तेही तिप्पट लागू शकतात.

पण आमच्या ओळखीच्या एका दुकानाच्या 0831 नंबरावर व्हॉट्सॲप चालतं. ते कसं?

चालतं, आणि त्यात काही गैर नाही. व्हॉट्सॲपची व्यवसायासाठीची आवृत्ती लँडलाईन नंबरावर उघडता येते. पडताळणीचे आकडे निरोपाने न येता फोन वाजवून बोलून सांगितले जातात, आणि ते एकदा टाकले की खातं सुरू. त्या दुकानाला व्हॉट्सॲपवर जरूर लिहा. त्यावरून त्या नंबराला साधा निरोपही जाईल असं मात्र धरू नका. दोन्हींचा रस्ता वेगळा आहे. तसंच घरात फायबर इंटरनेट आलं आणि जुना फोन त्यावर जोडला, म्हणून तो मोबाईल होत नाही. नंबराची ठेवण तीच राहते आणि निरोप तेव्हाही जात नाही.

एखादी यादी प्रत्यक्ष कशी तपासता, ते दाखवाल का?

आमच्या वहीतल्यासारख्या सहा ओळी घेऊ.

पहिली, `8312426×××`. दहा आकडे, 8 ने सुरुवात. 831 बेळगावचा कोड, पुढचा आकडा 2. लँडलाईन. या यादीतून बाहेर, फोन करायच्या यादीत आत.

दुसरी, `8310×××××× `. कोड तोच दिसतो, पण पुढे 0. घरचा नंबर शून्याने सुरू होत नाही. मोबाईल, निरोप पाठवायचा.

तिसरी, `09448××××××`. शून्य झाकलं, उरले दहा आकडे, सुरुवात 9 ने. मोबाईल. 9448 ही मुळात कर्नाटकातल्या सरकारी कंपनीची मालिका, पण ते आपल्याला इथे नको आहे.

चौथी, `8338227×××`. इथे एकदा चूक झाली होती. 833 बघून चौथा आकडा 8 म्हणून मोबाईल ठरवलेला. नीट बघितलं तर 8338 हा चिकोडी-निपाणीचा कोड, आणि पाचवा आकडा 2. लँडलाईन.

पाचवी, `2312×××××`. मोजले तर नऊच आकडे. कोल्हापूरचा 231 आणि घरचा नंबर सात आकडी असायला हवा, म्हणजे एक आकडा गळला आहे. लँडलाईन हे नक्की, पण फोनही लागणार नाही. घरी जाऊन विचारायचं.

सहावी, `98××××××××`. मोबाईल. ओळीसमोर पेन्सिलीने "सुनेचा" असं लिहिलेलं होतं. निरोप पोहोचेल, पण कुणाकडे, हे नंबर सांगत नाही. तिथे मी "काकूंना सांगा" हे दोन शब्द निरोपाच्या सुरुवातीला घालतो.

यादी पाचशे जणांची आहे. एकेक नंबर बघत बसायचं का?

नको. नंबर `A` स्तंभात असतील, शून्य आणि 91 काढून दहा आकडी केलेले असतील, तर शेजारच्या स्तंभात हे सूत्र टाका. बेळगाव शहराच्या लँडलाईनपुढे `TRUE` येईल:

```
=AND(LEN(A2)=10,LEFT(A2,3)="831",MID(A2,4,1)>="2",MID(A2,4,1)<="6")
```

833 ने सुरू होणाऱ्या तालुक्यांसाठी, म्हणजे खानापूर, चिकोडी, गोकाक, हुक्केरी वगैरे:

```
=AND(LEN(A2)=10,LEFT(A2,3)="833",MID(A2,5,1)>="2",MID(A2,5,1)<="6")
```

अथणी-बैलहोंगलसाठी दुसऱ्या सूत्रात `833` च्या जागी `828` लिहा, आणि `TRUE` आलेल्यांचा चौथा आकडा 8 किंवा 9 आहे ना, ते डोळ्यांनी बघून घ्या. गोव्याचे नंबर असतील तर पहिल्या सूत्रात `832`.

सूत्र टाकल्यावर आधी तुमच्या ओळखीच्या चार घरांच्या लँडलाईन शोधा आणि तिथे `TRUE` आलं का बघा. नाही आलं तर बहुतेक वेळा नंबराच्या पुढे-मागे एखादी मोकळी जागा राहिलेली असते आणि लांबी अकरा होते.

सूत्राने मोबाईल ठरला, मग निरोप नक्की पोहोचेल ना?

ठेवणीवरून फक्त प्रकार कळतो. नंबर चालू आहे का, रिचार्ज संपून कुणा दुसऱ्याला दिला गेला आहे का, हे आकडे सांगत नाहीत. मालिकेवरून कंपनी ओळखायचाही प्रयत्न करू नका. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी तोच नंबर ठेवता येतो. आपल्या सीमेवर तर एकाच घरात कर्नाटकातलं एक आणि महाराष्ट्रातलं एक अशी दोन सिम असतात. म्हणून 9422 ने सुरू होणारा सभासद कोल्हापूरचा समजून यादीतून काढू नका, तो शेजारच्या गल्लीत राहत असेल.

लँडलाईनचं याच्या उलट आहे. 0831 दिसला की तो फोन बेळगाव परिसरातल्या घरात किंवा दुकानात आहे, हे जवळपास नक्की.

1800 किंवा 140 ने सुरू होणारे नंबर यादीत आले तर?

काढून टाका. 1800 म्हणजे मोफत सेवेचे क्रमांक, 140 म्हणजे जाहिरातीचे फोन. 1 ने सुरू होणारं काहीच सभासदाचं नसतं. कुणीतरी आलेल्या फोनचा नंबर जपून ठेवताना तो वहीत शिरलेला असतो.

लँडलाईनवाल्यांचं काय करायचं मग? यादीतून काढून टाकायचं का?

कृपा करून काढू नका. आमच्याकडे ज्यांच्या नावापुढे फक्त लँडलाईन आहे, ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे आणि वाचनालयात सर्वात नियमित येणारे आहेत. मी त्यांची वेगळी यादी केली आहे, आणि सभेच्या चार दिवस आधी संध्याकाळी सात ते आठ या वेळेत फोन करतो. त्या वेळी बातम्या लागलेल्या असतात, पण माणसं घरी असतात. फोनवर आधी माझं नाव, मग वाचनालयाचं नाव, मग तारीख दोनदा सांगायची. कुणी मुलाचा मोबाईल नंबर दिला तर तो नवीन ओळीत लिहायचा, लँडलाईन खोडायची नाही.

गुरुजींना गेल्या सभेचा फोन मीच केला होता. तारीख त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली, समोरच्या दिनदर्शिकेवर लिहिली, आणि सभेला अर्धा तास आधी येऊन बसले.